अपटेक स्कॅन १.८% आला म्हणजे थायरॉयडायटिसच का? (बायकोचे रिपोर्ट)

पंचगंगाकाठचा

मंडळी, जरा डोकं लावा, आमचं चालेनासं झालंय.

बायको, वय ३६. दिवाळीपासून वजन उतरतंय, सात-आठ किलो तरी गेलं असेल, आणि खाणं मात्र पहिल्यापेक्षा जास्त. हात थरथरतात, जिना चढली की छातीत धडधड, रात्री पंखा पाचवर. सगळ्यांचं एकच, टेन्शन घेते. शेवटी टीएसएच केली तर ०.०१ च्या खाली, टी३ ३३० (रिपोर्टवर नॉर्मल २०० पर्यंत लिहिलंय) आणि टी४ १५.१ (नॉर्मल १४ पर्यंत). मान दुखत नाही, ताप नाही, ईएसआर १४. डोळे बाहेर आलेत वगैरे काही नाही. अँटी टीपीओ पॉझिटिव्ह.

फिजिशियन म्हणाले ग्रेव्हज आहे की थायरॉयडायटिस ते स्कॅनवर कळेल. मिरजेला जाऊन अपटेक केला. ४ तासांचा २.१% आणि २४ तासांचा १.८%, खाली लिहिलंय "थायरॉयडायटिसशी सुसंगत". आता धडधडीची गोळी तेवढी चालू ठेवा, दोन-तीन महिन्यांत आपोआप बसेल म्हणतात. पण गेले चार महिने हेच चालू आहे हो, बसायचं असतं तर आत्तापर्यंत बसायला नको का? कुणाला अनुभव?

सुलभाताई

अहो घाबरू नका, थायरॉईड घरोघरी असतो. मी बारा वर्षं सकाळी उपाशीपोटी गोळी घेते, एकदम ठणठणीत आहे. कोबी-फ्लॉवर बंद करा. आणि ते आयोडीन मात्र जपून हं, माझ्या सासूबाईंना दिलं होतं तेव्हा आठवडाभर वेगळ्या खोलीत, ताट-वाटी वेगळी, नातवंडांना जवळ घ्यायचं नाही. तुमच्याकडे लहान मूल असेल तर आधी विचारून घ्या.

खडूस_खंडू

ताई, त्यांचा थायरॉईड जास्त झालाय, तुमचा कमी आहे. उलटी केस.

पंचगंगाकाठचा, यात विचारण्यासारखं काय आहे? ग्रेव्हजमध्ये अपटेक वाढतो, थायरॉयडायटिसमध्ये पडतो. १.८ म्हणजे पडलेला. विषय संपला. टीपीओ पॉझिटिव्ह आहे म्हणजे ऑटोइम्यून हे खरं पण स्कॅनपुढे त्याला किंमत नाही.

पंचगंगाकाठचा

खंडूशेठ तेच तर कळत नाहीये, ऑटोइम्यून म्हणजेच ग्रेव्हज ना? मग अँटीबॉडी पॉझिटिव्ह आणि स्कॅन थायरॉयडायटिस असं कसं?

गॅमाकाका

मुंबईत न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधावर बोलणार नाही, मोजण्यावर बोलतो.

आधी टीपीओचं. ती ग्रेव्हजमध्येही पॉझिटिव्ह येते आणि न दुखणाऱ्या थायरॉयडायटिसमध्येही, कारण तोही ऑटोइम्यूनच प्रकार आहे. म्हणजे या दोघांत निवड करायला टीपीओ कुचकामी. ग्रेव्हजची अँटीबॉडी वेगळी, तिला सगळे ट्रॅब म्हणतात. ती केली का?

आता अपटेक नेमकं काय मोजतो ते. तुम्ही कोल्हापूरकडचे दिसता म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. गुऱ्हाळाबाहेर गुळाचा पूर आलाय. आता हा गूळ आत्ता रात्रंदिवस गाळप चालू आहे म्हणून येतोय, की गाळप बंद आहे आणि जुन्या ढेपा फुटून वाहतायत, हे बाहेरचा गूळ बघून कळत नाही. गेटवर उभं राहून आत किती ऊस जातोय ते मोजलं की कळतं. आयोडीन हा ऊस. ग्रेव्हजमध्ये ती अँटीबॉडी ग्रंथीचं टीएसएचचं बटण दाबूनच धरते, त्यामुळे टीएसएच शून्याला टेकली तरी ग्रंथी आयोडीन ओढतच राहते. थायरॉयडायटिसमध्ये साठवलेलं हार्मोन गळतंय, वर टीएसएच दबलेली, त्यामुळे ग्रंथीला आयोडीन घे म्हणून सांगणारं कुणी उरत नाही.

२४ तासांचा नॉर्मल साधारण १० ते ३०%, केंद्राप्रमाणे थोडा इकडेतिकडे. ग्रेव्हज बहुतेक वेळा ४० च्या वर, ७०-८० सुद्धा बघितलेत. थायरॉयडायटिसमध्ये ५ च्या आत, अनेकदा १-२ च.

तर खंडू म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. १.८ चा अर्थ एवढाच की ऊस आत गेला नाही. गुऱ्हाळ बंद आहे की यार्ड आधीच उसाने तुंबलंय हे १.८ वरून कळत नाही. म्हणून माझा प्रश्न: स्कॅनच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झालाय का? अँजिओग्राफी? समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, वजनाची कुठली पावडर? कार्बिमाझोल चालू केली होती का?

सुलभाताई, तुमच्या सासूबाईंना दिलं ते उपचाराचं आयोडीन, मिलिक्युरीत. अपटेकला देतात ते मायक्रोक्युरीत, एक हजारांश पातळीवरचं. त्याला वेगळी खोली लागत नाही. गरोदर बाईला मात्र तेवढंही द्यायचं नाही.

पंचगंगाकाठचा

काका!!! धडधडीसाठी सीटी कोरोनरी अँजिओ केली होती, हार्टचं काही नाही ना म्हणून. स्कॅनच्या बरोबर तीन आठवडे आधी. नॉर्मल निघाली म्हणून ती फाईल मिरजेला नेलीच नाही आणि तिथे आम्हाला फक्त "प्रेग्नंट आहे का, थायरॉईडची गोळी चालू आहे का" एवढंच विचारलं. कार्बिमाझोल नाही, नुसती प्रोप्रॅनोलॉल. पावडर-बिवडर नाही.

गॅमाकाका

मग तो १.८ बाजूला ठेवा. चुकीचा मोजलाय असं नाही म्हणत, मोजणी बरोबरच असणार, पण त्यावरून निदान करता येत नाही.

हृदयाच्या सीटीला ६०-८० मिली कॉन्ट्रास्ट जातं, त्यातलं बांधलेलं आयोडीन ग्रॅममध्ये, आणि सुटं आयोडीन थोडं असलं तरी काही मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम. एवढा लोंढा आल्यावर ग्रंथी आपली दारं अर्धी लावून घेते आणि तुम्ही दिलेली कॅप्सूल त्या साठ्यात पाण्यात मीठ विरघळावं तशी हरवते. त्यामुळे अस्सल ग्रेव्हज असला तरी आकडा १-२ येऊ शकतो. आमच्याकडे कॉन्ट्रास्टनंतर ६ ते ८ आठवडे थांबायचो, काही ठिकाणी ४ वर भागवतात. तीन आठवडे कुणाच्याच हिशोबात बसत नाहीत. प्रोप्रॅनोलॉलने अपटेकला काही होत नाही, ती चालू राहू दे.

खडूस_खंडू

पण रेडिओलॉजिस्टने रिपोर्टवर सही केलीय ना? त्यांना हे माहीत नसतं?

गॅमाकाका

माहीत सगळ्यांना असतं, विचारायला हवं ना. पेशंट सांगत नाही कारण त्याच्या लेखी ते हार्टचं होतं. आम्ही फॉर्मवर "गेल्या तीन महिन्यांत कुठलाही सीटी, कुठलंही इंजेक्शन देऊन काढलेला फोटो" असं लिहायचो, "कॉन्ट्रास्ट" लिहिलं की सगळे नाही म्हणायचे.

मृण्मयी_डी

मी माझं सांगते, यांच्याशी थोडं जुळतंय. बाळ चार महिन्यांचं असताना सेम टीएसएच गायब, धडधड, झोप नाही, सासरचे म्हणायचे बाळंतपणानंतर असं होतंच. अंगावर पाजत होते म्हणून डॉक्टरांनी आयोडीन १३१ ला सरळ नकार दिला, म्हणाले ते दुधात उतरतं आणि बाळाच्या ग्रंथीत जाऊन बसतं, द्यायचंच तर पाजणं कायमचं बंद. त्याऐवजी शिरेतून टेक्नेशियमचं इंजेक्शन, वीस मिनिटांनी फोटो, आणि काही तासांचं दूध काढून फेकायचं.

फोटो अजून आहे माझ्याकडे. जबड्याच्या बाजूला लाळेच्या ग्रंथी छान उजळलेल्या आणि खाली मानेत जिथे फुलपाखरू दिसायला हवं तिथे काहीच नाही, नुसता धुरकट पट्टा. टेक्निशियन म्हणाला ग्रेव्हज असता तर मान एवढी पेटली असती की लाळग्रंथी शोधाव्या लागल्या असत्या. मला काही दिलं नाही. नंतर टीएसएच उलट १८ वर गेली, काही महिने गोळी, आणि आता सगळं नॉर्मल. तर खरंच बसतं आपोआप, दादा.

तुमच्याकडे टेक्नेशियम करून बघितलं तर? त्यात आयोडीनच नाही ना.

गॅमाकाका

मृण्मयी, टेक्नेशियम त्याच दारातून आत जातं ज्यातून आयोडीन जातं, त्यामुळे कॉन्ट्रास्टनंतर तोही फोटो रिकामा येतो. पळवाट नाही. तुमच्या केसमध्ये आयोडीनचा लोंढा नव्हता म्हणून रिकामी मान विश्वासार्ह होती.

डॉ_आडगाव

बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. मी जनरल फिजिशियन, तालुक्याच्या गावी.

काका, तुमचं सगळं मान्य, पण मुळात स्कॅनला पाठवायलाच कशाला हवं होतं? ट्रॅब हा नुसता रक्ताचा नमुना आहे, कुरिअरने जातो, कॉन्ट्रास्टने काही बिघडत नाही, पाजणाऱ्या बाईलाही चालतो. माझे पेशंट मिरजेला दोन दिवस मोडून जातात, पहिल्या दिवशी कॅप्सूल आणि ४ तासांची मोजणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा २४ तासांची, राहणं-खाणं वेगळंच. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांतही ट्रॅब, अपटेक आणि डॉपलर असे तिन्ही मार्ग दिलेत. मी आधी ट्रॅब करतो, पॉझिटिव्ह तर ग्रेव्हज, पुढे चला.

आणि पंचगंगाकाठचा, तुमच्या पहिल्याच रिपोर्टमध्ये एक खूण आहे. टी३ ला टी४ ने भागा, ३३० भागिले १५.१, जवळजवळ २२. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी टी३ जास्त बनवते म्हणून हा भागाकार बहुधा २० च्या वर जातो, नुसती गळती असेल तर २० च्या खाली राहतो कारण साठ्यात टी४ च जास्त असतं. ही पक्की परीक्षा नाही, पण चार महिन्यांचा इतिहास आणि हा २२, मला थायरॉयडायटिस पटत नाहीये. गळती चार महिने एवढ्या जोरात टिकत नाही, साठा संपतो.

पंचगंगाकाठचा

डॉक्टरसाहेब धन्यवाद. मग कार्बिमाझोल सुरू करून टाकावी का सरळ? तसाही जास्त थायरॉईड आहे ना?

डॉ_आडगाव

नाही हो, इथे वाचून नाही. थायरॉयडायटिस निघाला तर त्या गोळीचा काडीचा उपयोग नाही, कारण ती नवीन हार्मोन बनणं थांबवते आणि तिथे नवीन बनतच नसतं. वर पांढऱ्या पेशी एकदम खाली जाण्याचा थोडा का होईना धोका फुकटचा घ्यायचा, आणि पुढे टीएसएच चढायच्या टप्प्यात गोळी चालू राहिली तर आणखी वांधे. म्हणून तर हा एवढा खल चाललाय. एंडोक्रायनॉलॉजिस्टला सीटीच्या तारखेसकट दाखवा आणि ट्रॅब करून घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात का वहिनी? असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद, काही लॅबच्या मशिनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटी कमी आणि ट्रॅब खोटी जास्त दिसते.

पंचगंगाकाठचा

अपडेट. कोल्हापुरातच एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवलं, सीटीची तारीख ऐकल्यावर त्यांनी स्कॅनचा कागद बाजूलाच ठेवला. ट्रॅब आली २.४, रिपोर्टवर १.७५ च्या वर पॉझिटिव्ह. बायोटिन घेत होती हो, केस गळतात म्हणून! पण बंद करून मगच रक्त दिलं. डॉपलरमध्ये रक्तप्रवाह "थोडा वाढलेला" लिहिलंय.

मॅडम म्हणाल्या २.४ म्हणजे धड इकडे ना तिकडे, कधीकधी थायरॉयडायटिसमध्येही एवढी येते. तब्येत तशी टिकून आहे तर प्रोप्रॅनोलॉलवरच थांबायचं, दोन आठवड्यांनी टी३-टी४, आणि सीटीला आठ आठवडे झाले की अपटेक पुन्हा. आकडे वाढले किंवा त्रास वाढला तर तेवढंही थांबायचं नाही.

खडूस_खंडू

डॉक्टर, तुमची "पॉझिटिव्ह तर ग्रेव्हज, पुढे चला" वाली ट्रॅब इथे अडकली बघा 😄

डॉ_आडगाव

अडकली खरी. दहा आली असती तर दुसऱ्या स्कॅनची गरज नव्हती. तरी मी आधी ट्रॅबच करीन, दहातल्या नऊ जणांचं तिथेच भागतं.

पंचगंगाकाठचा

दोन आठवड्यांनंतर टी३ ३५२, टी४ १५.८. टीएसएच तशीच ०.०१ च्या खाली. कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढलं.

काका, पुढच्या आठवड्यात पुन्हा स्कॅन. यावेळी काय बघू? मागच्या वेळी तो १.८ आला कसा ते सुद्धा कळलं नव्हतं.

गॅमाकाका

चार तास उपाशी जा, कॅप्सूल गिळल्यावर तासभर आणखी काही नको. मिठाबद्दल विचाराल तर काही ठिकाणी आठवडाभर आयोडीनवालं मीठ बंद करायला सांगतात, आम्ही साध्या अपटेकला सांगत नव्हतो, तिथले म्हणतील ते करा. गरोदरपणाची तपासणी त्याच दिवशी पुन्हा करून घ्यायला सांगा, मागच्या महिन्याची चालत नाही.

मोजतात असं. आधी तेवढ्याच ताकदीची एक कॅप्सूल ॲक्रिलिकच्या खोट्या मानेत ठेवून प्रोब साधारण २५ सेंटीमीटरवर धरून मोजतात, ते शंभर टक्के. मग तेवढ्याच अंतरावरून खरी मान, आणि मग मांडी. मांडी कशाला, तर रक्तात फिरणारं आयोडीन मानेतल्या मोजणीतही येतंच, ते वजा करायला. समजा खोट्या मानेचे मिनिटाला २१,३०० आले, रिकाम्या खोलीचे ३०० वजा जाता २१,०००. मान ९००, मांडी ५२०, फरक ३८०. तीनशेऐंशीला एकवीस हजारने भागा, १.८%. तुमचे आकडे हेच होते असं नाही, पण गणित हे. दुसऱ्या दिवशी खोटी मान पुन्हा मोजतात, म्हणजे मधल्या काळात आयोडीनचं जे आपोआप क्षीण होणं आहे ते दोन्हीकडे सारखं धरलं जातं.

४ तासांची मोजणी टाळू देऊ नका. काही ग्रेव्हजमध्ये ग्रंथी इतकी घाईत असते की आयोडीन ओढून, हार्मोन बनवून २४ तासांच्या आत बाहेरही टाकते. मग ४ तासांना ६० आणि २४ ला ३५ असं येतं, नुसतं दुसरं बघितलं तर "थोडासा वाढलाय" वाटतं.

आणि टीएसएच त्याच आठवड्याची हवी. ती सोबत नसेल तर अपटेकच्या आकड्याला अर्थ लावता येत नाही.

पंचगंगाकाठचा

झाला. ४ तास ४६%, २४ तास ५८%. सोबतच्या फोटोत दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या, गाठ वगैरे नाही. टीएसएच अजून ०.०१ च्या खाली.

खडूस_खंडू

थांबा थांबा. मी आता वाचून आलोय. थायरॉयडायटिस बरा व्हायला लागला की ग्रंथी पुन्हा आयोडीन ओढायला लागते आणि तेव्हा अपटेक चांगला वाढलेला दिसतो म्हणे. मग हा १.८ चा ५८ झाला तो बरा होण्याचा कशावरून नाही?

गॅमाकाका

खंडूशेठ, हा प्रश्न एक नंबर. असं होतं, आणि त्यावर लोक फसलेतही. पण बरं होताना क्रम ठरलेला असतो: आधी हार्मोन उतरतं, मग टीएसएच वर येते, आणि तिच्या हुकमाने ग्रंथी ओढायला लागते. मृण्मयीची टीएसएच १८ होती ना, तेव्हा अपटेक केला असता तर वाढलेला आला असता. इथे टीएसएच अजून शून्याला टेकलेली आणि टी३ उतरायच्या ऐवजी चढलेलं. हुकूम देणारी टीएसएच नाही आणि तरी ५८ टक्के ओढतेय, म्हणजे बटण दुसरं कुणीतरी दाबतंय. म्हणून म्हटलं त्याच आठवड्याची टीएसएच.

डॉ_आडगाव

सहमत. गाठी नाहीत, सगळीकडे सारखं, ट्रॅब कमी का होईना पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रेव्हज. मॅडम काय म्हणाल्या?

पंचगंगाकाठचा

तेच. कार्बिमाझोल सुरू, आधी रक्ताची मोजणी आणि लिव्हर बघून. ताप किंवा घसा दुखला तर गोळी बंद करून त्याच दिवशी सीबीसी, हे मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. पहिल्या रिपोर्टवर विसंबलो असतो तर अजून दोन महिने वाट बघत बसलो असतो. एक विचारायचं राहिलं, त्या सीटीच्या आयोडीनमुळेच तर हा आजार झाला नाही ना?

डॉ_आडगाव

वजन दिवाळीपासून उतरतंय, सीटी नंतरची. त्यामुळे सुरुवात तिने केली नाही. मधे टी३ किंचित वाढलं त्यात तिचा हात असेल का, सांगता येत नाही. आयोडीन मिळालं की ग्रेव्हजची ग्रंथी कधी आणखी पेटते, कधी उलट काही दिवस दबते. मला तो आजाराचाच चढ वाटतो.

गॅमाकाका

मला थोडा सीटीचा वाटतो. असो, उपचार तोच.

सुलभाताई

वहिनींना लवकर बरं वाटू दे. कोबीचं मागे घेते 🙂

वाटसरू_७७

धागा आत्ता वाचला. वडील ७१, हृदयाच्या ठोक्यांसाठी दोन वर्षं अमिओडॅरोन चालू आहे, आता टीएसएच ०.०२ आली. त्यांचाही अपटेक ८ आठवडे थांबून करावा का?

गॅमाकाका

नाही, त्यांचं गणित अगदी वेगळं. अमिओडॅरोनमधलं आयोडीन चरबीत साठतं आणि गोळी बंद करूनही कित्येक महिने निघत राहतं, ८ आठवड्यांनी काही होत नाही. त्यात अपटेक बहुधा खालीच येतो, ग्रंथी जास्त बनवत असो की गळत असो, म्हणून तिथे डॉपलर आणि बाकीच्या गोष्टींवर जास्त भर देतात. आणि ती गोळी मनाने बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना आजच कळवा. सगळ्या रिपोर्टसकट नवीन धागा काढा, इथे मिसळायला नको.